पोस्ट काढली, पण साहेबांना काय लिहायचं?



आजचा विषय छोटा वाटेल, पण त्याचा प्रश्न मला बडोद्यापासून बेळगावपर्यंतच्या आपल्या मराठी मुलामुलींनी विचारला आहे. कंपनीसंबंधी एखादी पोस्ट चुकून टाकली गेली, लक्षात आल्यावर काढून टाकली. आता मॅनेजरला मेल लिहायचा आहे. त्यात काय लिहायचं?

बहुतेक जण चार ओळी लिहितात. चूक झाली, पोस्ट काढली, क्षमस्व, पुन्हा होणार नाही. या चार ओळींत नम्रता आहे, पण माहिती जवळजवळ नाही. मॅनेजरला त्या क्षणी तुमच्या पश्चात्तापापेक्षा माहितीची गरज जास्त असते. काय बाहेर गेलं, किती वेळ बाहेर होतं, कोणी पाहिलं, आता कुठे शिल्लक आहे. या चार प्रश्नांची उत्तरं त्याला पुढच्या काही तासांत वरच्या साहेबांना आणि कदाचित ग्राहकाला द्यायची असतात.

लष्करातून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षं एका कारखान्यात सुरक्षा आणि प्रशासन सांभाळत होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, त्या मुलाचंही सांगत नाही. गुजरातमधला कारखाना, विजेच्या पॅनेलचं काम, कंपनी शेअर बाजारात नोंदलेली. मुलगा सव्वीस वर्षांचा, बडोद्यात वाढलेला, कामात चोख. त्याचे दोन मेल मी आजही उदाहरण म्हणून सांगतो. पहिला कसा लिहू नये याचं आणि दुसरा कसा लिहावा याचं. दोन्हींमध्ये फक्त दोन तासांचं अंतर होतं.

नेमकं काय घडलं

शनिवार होता. एका मोठ्या ग्राहकाच्या ऑर्डरचा पहिला माल त्या संध्याकाळी ट्रकवर चढला. महिनाभर राबलेली टीम खुशीत होती. मुलाने सगळ्यांचा फोटो काढला आणि लिंक्डइनवर स्वतःच्या खात्यातून टाकला. मजकूर असा की आमच्या कारखान्याची आजवरची सर्वांत मोठी ऑर्डर आज रवाना झाली. मग तोच फोटो कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवला आणि स्वतःच्या स्टेटसलाही ठेवला.

टीमच्या मागे भिंतीवर पांढरा फळा होता. त्यावर ग्राहकाचं नाव, पुढच्या तीन खेपांच्या तारखा आणि कोपऱ्यात दुसऱ्याच एका निविदेसाठी काढलेला दर लिहिलेला होता. तो फळा आम्ही रोज पाहत होतो, म्हणूनच फोटो काढताना तो कोणाला दिसला नाही.

दीड तासाने सुपरवायझरचा फोन आला, "अरे, मागचा फळा बघ." इथून पुढे मुलाने जे केलं ते त्याच्या जागी असलेले बहुतेक जण करतात, म्हणून सावकाश सांगतो.

पहिल्यांदा त्याने पोस्टमधलं "सर्वांत मोठी ऑर्डर" हे वाक्य खोडलं. लिंक्डइनवर टाकलेल्या पोस्टचा मजकूर बदलता येतो, पण फोटो बदलता येत नाही. म्हणजे खरी अडचण होती तिथेच राहिली आणि आठ मिनिटं गेली. मग हे लक्षात येऊन त्याने पूर्ण पोस्ट काढली, पण काढण्याआधी तिचा स्क्रीनशॉट घेतला नाही. पोस्ट काढली की ती किती वेळा दिसली हा आकडाही तिच्याबरोबर जातो. त्याच्याकडे उरली फक्त आठवण.

मग व्हॉट्सअ‍ॅप. ग्रुपवरचा फोटो धरला आणि घाईत `Delete for everyone` ऐवजी `Delete for me` दाबलं. ही चूक फार जण करतात. पाच सेकंदांत उलटवण्याची सोय स्क्रीनवर येते, ती त्याने पाहिली नाही. परिणाम असा झाला की फोटो त्याच्या फोनवरून गेला आणि बाकी त्रेसष्ट जणांच्या फोनवर तसाच राहिला. तो संदेश त्याच्याकडे नसल्याने आता तो सर्वांसाठी काढणं त्याच्या हातात उरलं नाही. तो किती जणांनी वाचला हे पाहायची सोयही गेली.

स्टेटसच्या बाबतीत मात्र तो शहाणा झाला होता. काढण्याआधी पाहणाऱ्यांची यादी उघडली, तिचा स्क्रीनशॉट घेतला आणि मग स्टेटस काढलं. सदतीस नावं होती. त्यांत दोघे कंपनीबाहेरचे, माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडचे.

पहिला मेल

रात्री ८.३५ ला त्याने मॅनेजरना लिहिलं. मेल इंग्रजीत होता, मराठीत सांगायचा तर असा:

*सर, आज माझ्याकडून चुकून कंपनीसंबंधी एक पोस्ट टाकली गेली. लक्षात येताच मी ती सर्व ठिकाणांहून काढून टाकली आहे. झाल्या प्रकाराबद्दल मनापासून क्षमा मागतो. पुन्हा असं होणार नाही.*

मॅनेजर त्या दिवशी दुसऱ्या शहरात होते. त्यांनी मेल मला पुढे पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "कर्नल, यातून मी काय समजू?"

मी मुलाला फोन केला आणि विचारलं, "सर्व ठिकाणांहून काढलं, हे कोणी पाहिलं?" तो म्हणाला, "सर, मीच काढलं." मी म्हटलं, "ते कळलं. काढलेलं कोणी पाहिलं?"

हा प्रश्न माझा नाही. कॅप्टन असताना एका रात्री मी कमांडिंग ऑफिसरना कळवलं होतं की सर्व वाहनं आत आली आहेत. त्यांनी विचारलं, "तुम्ही मोजली की कोणी सांगितलं?" मला हवालदाराने सांगितलं होतं. मोजली तेव्हा एक कमी निघाली. ती रस्त्यात पंक्चर होऊन थांबली होती, बाकी काही घडलं नव्हतं. पण तेव्हापासून मी केलेली गोष्ट आणि तपासलेली गोष्ट वेगवेगळ्या ओळींत लिहायला लागलो.

मुलाने सुपरवायझरचा फोन घेऊन ग्रुप पाहिला, तर फोटो तिथेच. एका सहकाऱ्याच्या फोनवरून लिंक्डइन पाहिलं, तर विक्री विभागातल्या एकाने तोच फोटो उतरवून घेऊन स्वतःच्या नावाने नवी पोस्ट केलेली. मूळ पोस्ट काढल्यावर अशी प्रत जात नाही, कारण ती दुसऱ्याच्या खात्यातली स्वतंत्र पोस्ट असते. "सर्व ठिकाणांहून" हे शब्द लिहिले गेले तेव्हा फोटो दोन ठिकाणी उघडा होता. मुलाने खोटं लिहिलं नव्हतं, त्याने तपासलं नव्हतं. मेल वाचणाऱ्याला मात्र हा फरक कळायला मार्ग नसतो. ग्राहकाला "सगळं काढलं" असं सांगून दुसऱ्या दिवशी त्यानेच तो फोटो दाखवला, तर खोटारडे मॅनेजर ठरतात.

मेल लिहिण्याआधीचं काम

मग आम्ही फोनवर बोलत एकेक काम उरकलं.

ग्रुपवरचा फोटो ग्रुपच्या अ‍ॅडमिनकडून काढून घेतला. ग्रुपमधल्या कोणाचाही संदेश अ‍ॅडमिन सर्वांसाठी काढू शकतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. आपल्याकडून `Delete for me` दाबलं गेलं असेल तर हाच रस्ता उरतो. आपला संदेश आपणच सर्वांसाठी काढायचा तर त्यालाही मुदत असते, ती दोन दिवसांहून थोडी जास्त. आणि एवढं करूनही ज्याच्या फोनमध्ये फोटो आपोआप गॅलरीत उतरतो, त्याच्या गॅलरीत तो राहू शकतो. म्हणून अ‍ॅडमिनने ग्रुपवर एक साधी ओळ लिहिली की संध्याकाळचा फोटो गॅलरीत आला असेल तर काढावा आणि पुढे पाठवला असेल तर मला फोन करावा. फळ्याचा उल्लेख मुद्दाम केला नाही. उल्लेख केला असता तर ज्यांनी फळा पाहिला नव्हता त्यांनीही फोटो मोठा करून पाहिला असता.

विक्री विभागातल्या सहकाऱ्याला मुलाने फोन केला. त्याला आधी स्क्रीनशॉट घ्यायला सांगितला, पोस्टचा दुवा आणि ती किती वेळा दिसली तो आकडा टिपायला सांगितला, मग पोस्ट काढायला सांगितली.

यानंतर फोटो वाचून पाहायचं काम. फळा फोटोत दिसतो एवढं पुरेसं नसतं, त्यावरची अक्षरं वाचता येतात का हे महत्त्वाचं. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. त्या प्रतीत ग्राहकाचं नाव आणि तारखा वाचता येत होत्या, निविदेचा दर वाचता येत नव्हता. मुलाला हायसं वाटलं. मी म्हटलं, लिंक्डइनवरून उतरवलेली प्रत पाहा. ती जास्त स्पष्ट होती आणि मोठी करून पाहिल्यावर दराचे आकडे लागत होते. नुकसानीचा अंदाज नेहमी बाहेर गेलेल्या सर्वांत स्पष्ट प्रतीवरून करायचा असतो.

शेवटी, काढलेल्या दोन्ही पोस्टचे दुवे त्याने लॉगिन न केलेल्या ब्राउझरच्या खिडकीत उघडून पाहिले. स्वतःच्या खात्यातून पाहिलं तर पान जुनंच दिसू शकतं किंवा आपल्याला वेगळं दिसू शकतं. परका माणूस काय पाहतो ते परक्याच्या जागेवरूनच पाहायला हवं.

दुसरा मेल

रात्री १०.३० ला दुसरा मेल गेला. नावं काढून आणि मराठीत करून तो जवळजवळ पूर्ण देतो.

*विषय: शनिवारच्या पोस्टबाबत, ८.३५ च्या मेलमध्ये दुरुस्ती*

*सर,*

*८.३५ च्या मेलमध्ये मी पोस्ट सर्व ठिकाणांहून काढल्याचं लिहिलं होतं. ते बरोबर नव्हतं. त्या वेळी फोटो आणखी दोन ठिकाणी होता. आता काढला आहे. तपशील खाली देतो.*

*काय बाहेर गेलं: टीमचा एक फोटो. मागच्या फळ्यावर ग्राहकाचं नाव, पुढच्या तीन खेपांच्या तारखा आणि दुसऱ्या एका निविदेचा दर आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रतीत दर वाचता येत नाही. लिंक्डइनच्या प्रतीत मोठा करून वाचता येतो. लिंक्डइनवरच्या मजकुरात ही आमची सर्वांत मोठी ऑर्डर असल्याचं वाक्य होतं.*

*कुठे आणि किती वेळ:*

*लिंक्डइन, माझं खातं: १८.४२ ते २०.२६. मधे २०.१८ ला मी मजकुरातलं वाक्य काढलं, फोटो राहिला.*

*कारखान्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, माझ्यासह ६४ सदस्य: १८.५० ते २१.२२. मी चुकीचा पर्याय निवडल्याने तो सर्वांसाठी निघाला नव्हता. अ‍ॅडमिननी काढला.*

*माझं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस: १८.५२ ते २०.३१. पाहणारे ३७, त्यांतले दोघे कंपनीबाहेरचे. यादीचा स्क्रीनशॉट आहे.*

*विक्री विभागातल्या सहकाऱ्याची लिंक्डइन पोस्ट: १९.३० च्या सुमारास ते २१.४०. काढण्याआधीचा स्क्रीनशॉट आहे.*

*तपासलेलं: लिंक्डइनचे दोन्ही दुवे २१.५० ला लॉगिन न करता उघडून पाहिले, पोस्ट दिसत नाहीत. ग्रुपमधला फोटो निघाल्याचं सुपरवायझरच्या फोनवर पाहिलं.*

*माहीत नसलेलं: माझी लिंक्डइन पोस्ट किती जणांनी पाहिली याचा पुरावा माझ्याकडे नाही. मी पाहिलं तेव्हा आकडा तीनशेच्या आसपास होता असं आठवतं. ग्रुपमधून कोणी फोटो पुढे पाठवला का, हे माहीत नाही. स्टेटस पाहणाऱ्या बाहेरच्या दोघांशी मी संपर्क केलेला नाही, आपण सांगाल तसं करेन.*

*मी केलेली चूक: फोटो टाकण्याआधी मागची भिंत पाहिली नाही आणि ऑर्डरबद्दल लिहिण्याआधी कोणाला विचारलं नाही.*

*मूळ फोटो माझ्या फोनमध्ये आहे. तो आणि स्क्रीनशॉट कोणाला द्यायचे ते कळवावं. या मेलला ते जोडलेले नाहीत. सांगेपर्यंत फोनमधून काही काढणार नाही. ग्राहकाशी किंवा बाहेर कोणाशी याबद्दल बोललेलो नाही. उद्या सकाळी १० वाजता दुवे आणि गुगल पुन्हा तपासून कळवतो.*

हा मेल असा का

पहिली गोष्ट, पहिल्याच वाक्यात आधीच्या मेलची दुरुस्ती आहे. चुकीची माहिती आधी गेली असेल तर ती सर्वांत आधी मागे घ्यायची. मॅनेजर पहिला मेल आणखी कोणाला पाठवण्याच्या बेतात असू शकतात. दुरुस्ती तिसऱ्या परिच्छेदात लपवली तर ती वेळेवर सापडत नाही.

दुसरी गोष्ट, वेळा. "थोड्या वेळाने", "लगेच" असे शब्द नाहीत. प्रत्येक ठिकाणाची सुरुवात आणि शेवट वेगळा दिला आहे. कंपनीच्या बाजूने घड्याळ खरंच चालू असतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि त्या यादीत माहिती फुटणंही आहे. नोंदलेल्या कंपनीत, शेअरच्या भावावर परिणाम करू शकेल अशी जाहीर न झालेली माहिती बाहेर गेली का, हा प्रश्न सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांखाली येतो. अशी माहिती फुटल्यास चौकशी कशी करायची याचं धोरणही कंपनीकडे असावं लागतं. फोटोतला फळा आणि "सर्वांत मोठी ऑर्डर" हे वाक्य यांत बसतं की नाही, हे मुलाने ठरवायचं नव्हतं. ते आयटी प्रमुख आणि कंपनीचे अनुपालन अधिकारी ठरवणार. मुलाचं काम त्यांना ठरवता येईल एवढी माहिती देणं. म्हणूनच मेलमध्ये "यात काही गोपनीय नव्हतं" किंवा "माझ्याकडून नियमभंग झाला आहे" यांपैकी एकही वाक्य नाही. दोन्ही निष्कर्ष त्याच्या अधिकाराबाहेरचे होते.

तिसरी गोष्ट, "माहीत नसलेलं" हा परिच्छेद. हा लिहायला मुलगा तयार नव्हता. त्याला वाटत होतं की यामुळे आपण आणखी बेजबाबदार दिसू. मी त्याला सांगितलं, ठाण्यावरून येणाऱ्या अहवालात शत्रू कुठे दिसला याइतकंच कुठे पाहणं झालं नाही हे लिहिलेलं असतं. ते नसेल तर वाचणारा धरून चालतो की सगळीकडे पाहणं झालं. तीनशेचा आकडाही त्याने "आठवतं" म्हणून दिला, पुरावा म्हणून दिला नाही.

चौथी गोष्ट, फोटो मेलला जोडलेला नाही. अशा मेलमध्ये पुरावा म्हणून तोच फोटो जोडणं आणि सीसीमध्ये दहा जण ठेवणं हा प्रकार मी पाहिला आहे. जे बाहेर गेलं म्हणून धावपळ चालली आहे, ते आपणच आणखी दहा पेट्यांमध्ये टाकतो. मेल एकट्या मॅनेजरना गेला. पुढे कोणाला द्यायचा ते त्यांनी ठरवलं. विषयाच्या ओळीतही ग्राहकाचं नाव नाही, कारण ती ओळ फोनच्या बंद पडद्यावरसुद्धा झळकते.

पाचवी गोष्ट, मूळ फोटो त्याने ठेवला. घाबरलेला माणूस स्वतःच्या फोनमधूनही सगळं पुसून टाकतो. जगाला दिसणारी प्रत काढणं आणि मूळ पुरावा नष्ट करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं तातडीने करायचं, दुसरं विचारल्याशिवाय करायचं नाही. मूळ फोटो नसेल तर काय बाहेर गेलं हे नंतर कोणालाच नक्की सांगता येत नाही आणि लोक वाईटात वाईट ते गृहीत धरतात.

क्षमायाचना मेलमध्ये नव्हती हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती पहिल्या मेलमध्ये होती, तेवढी पुरे. चुकीचा परिच्छेद दोन ओळींचा होता आणि त्यात सुपरवायझरने फळा का पुसला नाही, मार्केटिंगवाले स्वतः असे फोटो का टाकतात, असलं काही नव्हतं. फळा तिथे असायला नको होता हे खरंच होतं. पण ते त्या रात्रीच्या मेलचं काम नव्हतं, नंतरच्या बैठकीत ते आपोआप निघालं.

पुढे काय झालं

रविवारी सकाळी दहाला मुलाचा तिसरा मेल आला, तीन ओळींचा. दुवे बंद आहेत, गुगलवर काही दिसत नाही, ग्रुपमधल्या एकाने भावाला फोटो पाठवला होता, त्याने तो काढल्याचं सांगितलं पण मी स्वतः पाहिलेलं नाही. "पण मी स्वतः पाहिलेलं नाही" हे वाचून मला बरं वाटलं.

गुगलचं इथेच सांगून ठेवतो. सार्वजनिक पोस्ट काढल्यावरही तिचा उतारा काही काळ शोधात दिसू शकतो. तसं झालं तर गुगलचं `Refresh Outdated Content` नावाचं साधन आहे. पान मुळात निघालेलं असेल तर तिथे त्याचा दुवा देऊन शोधातला जुना उतारा काढण्याची विनंती कोणीही करू शकतं. पानावर तो मजकूर अजून जिवंत असेल तर ते साधन उपयोगाचं नाही. आधी मूळ पान किंवा त्यातला तो मजकूर काढावा लागतो.

मॅनेजरनी रविवारीच ग्राहकाला स्वतः फोन केला. त्यांनी विचारलं, कधी चढलं, कधी उतरलं, आमच्या तारखा वाचता येत होत्या का. तिन्ही उत्तरं मेलमध्ये होती. ग्राहक खुश झाले नाहीत, त्यांनी लेखी खुलासा मागितला आणि पुढच्या खेपेची तारीख बदलली. निविदेचा दर आमच्या लोकांनी पुन्हा काढला, त्यात दोन दिवस गेले. अनुपालन अधिकाऱ्यांनी आपली चौकशी केली. मुलाला लेखी ताकीद मिळाली आणि ती योग्यच होती. मेल चांगला लिहिल्याने चूक पुसली गेली नाही. फायदा एवढाच झाला की चौकशी चुकीबद्दल झाली, लपवाछपवीबद्दल झाली नाही. फळा आता आतल्या खोलीत आहे.

मला एका श्रोत्याने विचारलं होतं, "साहेब, हे सगळं लिहून देणं म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा देणं नाही का?" आहे. पण पोस्टवर तुमचं नाव होतंच आणि तुमचं स्टेटस पाहणारे लोकही आहेत. जे लिहिणार ते इतरांकडूनही कळणार आहे. प्रश्न एवढाच राहतो की ते आधी तुमच्याकडून कळतं की नंतर दुसऱ्याकडून. लिहायचं नाही ते म्हणजे अंदाज, कायद्याचे निष्कर्ष आणि दुसऱ्यांच्या चुका.

आता फोन हातात असताना काय करायचं, तो क्रम सांगतो आणि थांबतो. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात वेळ आणि पाहणाऱ्यांचा आकडा येऊ द्या, दहा सेकंद लागतात. मग मजकूर दुरुस्त करत न बसता पूर्ण पोस्ट काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोणता पर्याय दाबतो आहोत ते वाचून दाबा. मग दुसऱ्याच्या फोनवरून पाहा. तोवर मॅनेजरना फोनवर एक वाक्य सांगून ठेवा की अशी पोस्ट गेली होती, काढतो आहे, तपासून तासाभरात लिहितो. आणि मग लिहा.

त्या मुलाने पहिल्या रात्री फोन केला नव्हता. मेल पाठवून तो उत्तराची वाट पाहत बसला होता. मी फोन केला तेव्हा त्याने पहिल्या घंटीला उचलला.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.